तीन वेळा सात

माझ्या हाताखाली काम केलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की बाई खडूस आहे पण तिच्या नजरेतून चूक सुटत नाही. खडूसपणा मला आजही मान्य आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी आता तोंड उघडत नाही.

आमची कंपनी बाहेरच्या प्रकाशकांची इंग्रजी पुस्तकं छापण्याजोगी करून देते. लेखक कुठलाही असो, प्रकाशक सूचनापत्रात लिहून देतो की पुस्तक ब्रिटिश करायचं की अमेरिकन. ब्रिटिश असेल तर 'कलर'मध्ये यू हवा, 'सेंटर'च्या शेवटी आर-ई हवं, फुटपाथला 'पेव्हमेंट' म्हणायचं, 'साइडवॉक' नाही. अमेरिकन असेल तर सगळं उलट. ऐकायला सोपं वाटतं. पण 'ऑर्गनाइझ'मधला झेड ब्रिटिशांनाही चालतो हे अर्ध्या मुद्रितशोधकांना ठाऊक नसतं, आणि अमेरिकन पाहुण्याच्या तोंडचं वाक्य अवतरणात असेल तर त्याचा 'साइडवॉक' तसाच ठेवायचा असतो हे उरलेल्या अर्ध्यांना. एकतीस वर्षं मी हेच करत आले, आणि गेली अकरा वर्षं नव्यांना हेच शिकवत होते.

नवा माणूस आला की सहा महिने उमेदवारी. त्यात दर दोन महिन्यांनी एक परीक्षा, म्हणजे एकूण तीन. एकदा पास झाला की कायम, तिन्ही वेळा नापास झाला की रामराम. परीक्षेचा उतारा मी स्वतः रचलेला. एका छोट्या गावातल्या वाचनालयाची दुरुस्ती चालली आहे असा साधासा मजकूर, आणि त्यात मी पेरलेल्या वीस अमेरिकन चुका. बारा स्पेलिंगच्या आणि आठ शब्दांच्या. वर सूचना एकच, की मजकूर ब्रिटिश करा. पास व्हायला वीसपैकी पंधरा हवेत, आणि जिथे चूक नाही तिथे दुरुस्ती दाखवली तर अर्धा गुण कापला जातो. हा शेवटचा नियम माझा फार लाडका. उगाच हात चालवणारा मुद्रितशोधक न बघणाऱ्याहून वाईट, असं मी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत असे.

उताऱ्याच्या कागदाला प्लास्टिकचं आवरण होतं. तो एकच कागद सगळ्यांना मिळायचा, त्यामुळे त्यावर काही लिहायचं नाही. वेगळ्या चिठ्ठीवर ओळीचा क्रमांक, चुकलेला शब्द आणि बरोबर शब्द असे तीन रकाने भरायचे. मी चिठ्ठ्या घरी न्यायचे आणि माझ्या हस्ताक्षरातल्या उत्तरयादीशी ताडून बघायचे. नापास झालेल्याला फक्त गुण कळायचे, कुठे चुकलं ते सांगायचं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी उतारा तोच दिला तरी बिघडत नाही, असं माझं म्हणणं होतं. कागद वाचवल्याबद्दल एकदा साहेबांनी माझं कौतुकही केलं होतं.

मास्तरीणबाई आल्या तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांची शाळा बंद पडली होती आणि घरात त्या एकट्या कमावत्या. नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर, मुलगी बारावीत. नाव रजिस्टरमध्ये असलं तरी पहिल्याच दिवशी कुणीतरी 'मास्तरीणबाई' म्हणालं आणि तेच चिकटलं. बाकीचे सगळे पंचविशीतले. त्यांच्यात या बाई डबा उघडताना सुद्धा आवाज होऊ नये अशा बेताने वावरायच्या. मला त्या आवडल्या नव्हत्या, खरं ते सांगते. फार हळू वाचायच्या. ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत. मी मागून जाताना म्हणायचे, "बाई, पुस्तक उद्या छापायला जायचंय, पुढच्या वर्षी नाही." त्या पट्टी आणखी सरळ करायच्या.

पहिल्या परीक्षेत त्यांना सात मिळाले. दुसऱ्या परीक्षेत सात. तिसरीचा निकाल मी मंगळवारी सकाळी लावला, सात.

तिन्ही चिठ्ठ्या मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर अक्षरन् अक्षर तेच. शब्दांच्या आठही चुका पकडलेल्या, स्पेलिंगची एकही नाही, आणि वर दोन नसलेल्या चुका दाखवलेल्या, त्याचा एक गुण गेलेला. माणूस नापास झाला की पुढच्या वेळी निदान काही वेगळं करून बघतो. या बाई तीनदा त्याच खड्ड्यात पडल्या होत्या. मला त्यांची कीव येण्याऐवजी रागच आला.

त्यांना बोलावून मी सांगितलं की नियमाप्रमाणे महिनाअखेरीस थांबावं लागेल. त्यांनी मान हलवली. खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, हातात रुमाल होता, पण डोळ्यांना लावला नाही. मुलीची फी पुढच्या महिन्यात आहे एवढंच म्हणाल्या, तेही मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग त्यांनी विचारलं की शिफारसपत्र मिळेल का. तिथे माझा तोल गेला. उत्तर कधी कुणाला सांगायचं नाही हा माझाच नियम मी मोडला.

"शिफारस कसली करू, बाई? नवव्या ओळीत 'कलर' ढळढळीत यूशिवाय छापलाय. तीनदा वाचून तुम्हाला तो दिसत नाही?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"नवव्या ओळीतल्या 'कलर'ला यू आहे, मॅडम."

मी हसले. अगदी मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल इतकं. हा उतारा मी लिहिलाय, त्यातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम मला पाठ आहे, असं काहीबाही बोलले. त्यांचं ते गप्प राहणं मला उर्मटपणाचं वाटलं, म्हणून त्यांची जिरवायची या एकाच हेतूने मी कपाटातून तो प्लास्टिकचा कागद काढला, टेबलावर आपटला आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

यू होता.

मला वाटलं मी चुकीच्या ओळीवर बोट ठेवलंय. पहिल्यापासून मोजत आले, परत नववीच. मग मी पुढे वाचत गेले. 'सेंटर' आर-ई. 'थिएटर' आर-ई. 'ट्रॅव्हलर'मध्ये दोन एल. 'ग्रे'मध्ये ई. 'नेबर', 'हार्बर', सगळ्यांत यू. मी पेरलेल्या बाराच्या बारा चुका कुणीतरी उपटून टाकल्या होत्या आणि जमीन सारखी करून ठेवली होती. आपलं घर समजून कुलूप उघडावं आणि आत भलतीच माणसं बसलेली दिसावीत, तसं झालं.

मास्तरीणबाईंनी दाखवलेल्या दोन 'नसलेल्या' चुका मी मग शोधल्या. तेराव्या ओळीत वाचनालयासमोरचं पार्किंगचं मीटर आहे. लांबीचं मीटर ब्रिटिश स्पेलिंगमध्ये आर-ईने संपतं, पण मोजायचं यंत्र असेल तर तिथेही ई-आरच. कागदावर आर-ई होतं. सतराव्या ओळीत कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आहे. कार्यक्रम या अर्थाचा प्रोग्रॅम ब्रिटिश लोक एम-एम-ईने संपवतात, कॉम्प्युटरचा मात्र नुसत्या एमने. कागदावर एम-एम-ई होतं. या दोन्ही चुका मी कधी केल्या नव्हत्या. बाईंनी त्या तीनदा दाखवल्या होत्या, आणि मी तीनदा लाल फुली मारून अर्धा अर्धा गुण कापला होता.

बाईंना तिथेच बसवून मी मांडणी विभागात गेले. तिथले दादा आमचे सगळ्यात जुने माणूस. त्यांनी फाईल उघडली आणि दोन मिनिटांत उलगडा केला. दोन वर्षांपूर्वी जुना कागद पिवळा पडून फाटला म्हणून मीच त्यांना नवा छापायला सांगितला होता. आमच्याकडे एक छोटी सोय आहे. अमेरिकन लेखकाचं पुस्तक ब्रिटिश करायचं असलं की सहाशे शब्दांची एक यादी फाईलवरून फिरवतात आणि स्पेलिंगं आपोआप बदलतात. यादीला अर्थ कळत नाही, ती यंत्राचं मीटर आणि लांबीचं मीटर यांत फरक करत नाही, आणि 'साइडवॉक'सारखे शब्द तर तिच्यात नसतातच. म्हणून तर नंतर माणसाने वाचायचं असतं. माझा उतारा 'ब्रिटिश' नावाच्या फोल्डरमध्ये होता. त्या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींवरून एकदा यादी फिरली, माझ्या उताऱ्यावरूनही फिरली, आणि मग दादांनी तो छापला. ही फाईल वगळा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. छापून झाल्यावर तुम्ही वाचला असेलच ना, असं त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं.

मी वाचला नव्हता. स्वतःचाच उतारा, त्यात काय वाचायचं? नजरेतून चूक सुटत नाही म्हणून जिचं नाव, तिने दोन वर्षं तो कागद नुसता लोकांच्या हातात दिला आणि परत कपाटात ठेवला.

जिन्यात थांबून मी जरा श्वास घेतला. लाज वाटत होती, पण मनातून थोडं हलकंही वाटत होतं. यंत्राची चूक, छपाईची चूक, थोडी माझी चूक. बाईंची माफी मागायची, गुण दुरुस्त करायचे, प्रकरण मिटलं. असा विचार करत मी वरच्या मजल्यापर्यंत आले, आणि तिथे मला दुसरी गोष्ट सुचली.

या दोन वर्षांत नऊ जण पास झाले होते. कागदावर एकंदर दहाच चुका असताना त्यांना अठरा आणि एकोणीस गुण मिळाले होते.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याच खणात होता. मी एकेक काढली. नऊच्या नऊ जणांनी नवव्या ओळीत यू नसलेला 'कलर' लिहिला होता आणि त्यापुढे यू असलेला लिहून दुरुस्त केला होता. जो शब्द कागदावर नव्हताच, तो नऊ जणांना दिसला होता. आणि मीटर-प्रोग्रॅमची जी खोट समोर होती, ती एकालाही दिसली नव्हती. दिसणार कशी? त्यांनी कागद वाचलाच नव्हता. सगळ्यांकडे माझी उत्तरयादी होती. संशय येऊ नये म्हणून प्रत्येकाने एखाद-दुसरी चूक मुद्दाम सोडली होती, तेवढी कलाकुसर मात्र केलेली.

गठ्ठ्यात सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात जुनी चिठ्ठी माझ्या भाचीची होती.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. कॉलेज संपल्यावर मीच तिला इथे आणलं. तिची उमेदवारी होती तेव्हा ती माझ्याकडेच राहत होती. पहिल्याच परीक्षेत एकोणीस. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. भावाला फोन करून म्हणाले होते की नजर आत्यावर गेली आहे पोरीची.

तिला मी खालच्या रिकाम्या मीटिंगच्या खोलीत बोलावलं. ऑफिसात ती मला मॅडम म्हणते, तशीच हसत आली. मी तिच्यासमोर चिठ्ठी आणि तो कागद ठेवला आणि नववी ओळ वाचायला सांगितली. तिने वाचली. दोनदा वाचली. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला, आणि तिथे मला कळलं की तीही हा कागद आज पहिल्यांदाच वाचते आहे.

मी तिला एक सणसणीत ठेवून द्यायची या तयारीने उभी होते. पण तिने जे सांगितलं ते ऐकून हात खाली आला. म्हणाली की परीक्षेच्या आदल्या रविवारी दुपारी मी आधीच्या कुणाच्या तरी चिठ्ठ्या तपासत होते, आणि यादी जेवणाच्या टेबलावर उघडी टाकून अंघोळीला गेले. तिथेच तिचं ताट वाढून ठेवलेलं होतं.

"मला वाटलं तू मुद्दाम ठेवलीस, आत्या. बोलता येत नाही म्हणून ठेवलीस. मी तुला कधी विचारलं नाही, तूही काही बोलली नाहीस."

मी खुर्चीत बसले. ती पुढे सांगत गेली, एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. तिने फोटो काढला होता. नंतर जो नवा येईल त्याला तो कुणी ना कुणी द्यायचं. आणि सगळ्यांची अशी समजूत की हे मला माहीत आहे. बाई वरून खडूस आहे पण आपल्या माणसांना सांभाळते, असं माझ्याबद्दल बोलायचे म्हणे. माझ्यावर प्रेम होतं त्या पोरांचं, आणि ते या कारणासाठी होतं.

मास्तरीणबाईंना का दिली नाही, असं मी विचारलं. भाचीने मान खाली घातली. दिली होती, दुसऱ्या परीक्षेच्या आधी. बाईंनी फोनवरचा फोटो पट्टी धरून वाचावा तसा वाचला आणि परत दिला. काही बोलल्या नाहीत. मग पुन्हा सात मिळाले तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की मॅडमना या बाई नकोच आहेत, म्हणून पास असूनही पाडतायत.

मी साहेबांकडे गेले तेव्हा मास्तरीणबाईंना सोबत घेतलं. का घेतलं ते नीट सांगता येणार नाही, पण एकटीने जायची मला भीती वाटत होती. साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हिशेबी पण वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद पाहिला, चिठ्ठ्या चाळल्या. माझ्यासारखा धक्का त्यांना बसलेला दिसला नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता की नऊ माणसं दोन वर्षं काम करतायत, प्रकाशकांच्या तक्रारी नाहीत, या महिन्यात चौदा पुस्तकं जायची आहेत. नऊ जणांना उठवलं तर ती पुस्तकं कोण वाचणार? प्रश्न फक्त या बाईंचा आहे, आणि तो सोपा आहे. त्यांनी तिसरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, साताच्या आधी एक आकडा लावा. सतरा. विषय संपला."

आणि मी पेन उघडलं. हे मला लिहायलाच हवं. नको म्हणायचं सुचलं नाही. बाई राहतील, भाची राहील, घरी भावाला काही सांगावं लागणार नाही, एवढंच डोक्यात आलं. टोक कागदाला लागलंसुद्धा होतं.

"सतरा नकोत मला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या कागदावर दहाच चुका होत्या. मी दहाही लिहिल्यात. मला दहापैकी दहा द्या."

साहेब जरा चिडून म्हणाले की एवढं माहीत होतं तर पहिल्याच वेळी सांगायचं होतं, यादी हातात आली तेव्हा तरी तक्रार करायची होती, सहा महिने गप्प का बसलात. मलाही तेच विचारायचं होतं. फोटोतली यादी आणि कागद जुळत नाहीत हे ज्या बाईला एका वाचनात कळलं, तिने स्वतःची नोकरी जाऊ दिली पण तोंड उघडलं नाही, याचा मला अर्थ लागत नव्हता.

बाईंनी उत्तर देताना साहेबांकडे पाहिलं नाही. "यादी मॅडमच्या अक्षरात होती, साहेब. आणि तक्रार मॅडमकडेच द्यायची असते."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मला माहीत नव्हतं, मी तशी नाही, असं काहीतरी. पण त्या बाईंना मी सहा महिन्यांत असं काय दाखवलं होतं की त्यांनी माझ्याबद्दल वेगळा विचार करावा? नसलेली चूक लिहायची नाही एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. तोच माझा लाडका नियम, आणि तो पाळणारं माणूस मला अकरा वर्षांत पहिल्यांदा भेटलं, त्याला मी घरी पाठवायला निघाले होते.

मी पेन बंद केलं, आणि मग परत उघडून तिन्ही चिठ्ठ्यांवरचे सात खोडले. प्रत्येकीवर दहापैकी दहा लिहून खाली सही केली. साहेबांना सांगितलं की बाई आजपासून कायम, आणि बाकीच्या नऊ चिठ्ठ्या मी या कागदासमोर ठेवून पुन्हा तपासणार. जो निघेल तो निकाल. त्यानंतर सगळ्यांची नवी परीक्षा, ती मी घेणार नाही. साहेबांनी डोकं धरलं, चौदा पुस्तकांची नावं घेतली. शेवटी म्हणाले की नव्या परीक्षेपर्यंत नऊ जण उमेदवार म्हणून काम करतील, पगार उमेदवाराचा. ते मला मान्य होतं. बाईंनी फक्त एक अट घातली, की तपासताना त्या समोर बसतील.

तर दुपारी आम्ही दोघी माझ्या टेबलाशी बसलो. मधे तो प्लास्टिकचा कागद. बाहेर कुजबुज चालली होती, काचेपलीकडून नऊ चेहरे वळून वळून बघत होते. मी मुद्दाम भाचीची चिठ्ठी पहिली घेतली. पक्षपात नको, सुरुवात आपल्या घरापासूनच करायची, असं मी बाईंना बोलूनही दाखवलं, आणि बोलताना मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

सात चुका खऱ्या पकडलेल्या, त्यांचे सात. नसलेल्या चुका मोजल्या, अकरा. अर्ध्या अर्ध्या गुणाने साडेपाच वजा. दीड गुण. मी दहापैकी दीड लिहिला आणि चिठ्ठी पलीकडे सरकवली. लिहिताना कचरले नाही, याचा मला अभिमानच वाटला.

बाईंनी पट्टी ठेवली आणि वाचायला लागल्या. ओठ हलत होते. पट्टी एकेक ओळ खाली सरकत शेवटाला पोचली, मग परत वर गेली आणि पुन्हा खाली आली.

"अकरा नाहीत, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "बारा आहेत."

मी चिठ्ठी ओढून घेतली. भाचीला वाचवायचं माझ्या मनात नव्हतं, शपथेवर सांगते, त्या क्षणी तर मुळीच नव्हतं. मी एकेका शब्दावर बोट ठेवून, मोठ्याने आकडे म्हणत मोजलं.

बारा होत्या. मी दीड खोडला आणि एक लिहिला.